नारळ, भात, बांगडा सगळं लाल: आईचा आयजीजी रिपोर्ट

प्रश्न: सतत पोट फुगतं. ब्लड टेस्ट करून कुठले पदार्थ सोसत नाहीत ते कळतं म्हणे, करून घेऊ का? गोव्यात कुठे चांगली होते?

करू नका. कुठे होते ते मी मुद्दामच सांगत नाही, कारण आमच्या घरात या टेस्टवरून दादाचं आणि माझं दोन वर्षं वाजतंय.

आम्ही डिचोलीचे. आई ६१ वर्षांची, संध्याकाळ झाली की पोट टम्म, गॅस, कधी जुलाब. डॉक्टरांनी तपासलं, काळजीचं काही निघालं नाही. तेवढ्यात दादाने १२ हजार भरून ती आयजीजी टेस्ट करवली, म्हणजे वेगवेगळ्या पदार्थांविरुद्धच्या आयजीजी नावाच्या अँटीबॉडी रक्तात किती आहेत ते मोजणारी. रिपोर्टमध्ये १४ पदार्थ लाल, म्हणजे न सोसणारे: नारळ, तांदूळ, गहू, दूध, अंडं, बांगडा, चवळी... म्हणजे आई रोज जे जेवते तेच, आणि तिने जन्मात न खाल्लेले ब्लूबेरी नि सामन हिरवे. मला तिथेच खटकलं. आयजीजी हे शरीर त्या पदार्थाला ओळखतं एवढंच सांगतं, जे जास्त खाता त्याचं बहुधा जास्त दिसतं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना डॉक्टर देखरेखीखाली कणाकणाने शेंगदाणा देऊन सवय लावतात ना, तेव्हा शेंगदाणा सोसायला लागतो तसं त्यांचं आयजीजी४, म्हणजे आयजीजीचाच एक प्रकार, वाढत जातं. म्हणजे लाल रंग हा उलट सोसण्याचा पुरावा असू शकतो. युरोपातल्या अ‍ॅलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये आणि कॅनडातल्या संघटनेने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की यासाठी ही टेस्ट वापरू नका.

पण दादाने १४च्या १४ बंद केले. गोव्यातल्या बाईला नारळ नाही, शीत नाही, हुमण नाही, सकाळची उकड्याची पेज नाही, मग ती जगणार कशावर? चार महिन्यांत ६ किलो उतरली, लग्नकार्याला जायचं टाळायला लागली. आणि पोट मात्र खरंच सुधारलं! दादाचा सगळा युक्तिवाद यावरच उभा आहे, "बघ, टेस्ट बरोबर निघाली."

१४ वस्तू एकदम काढल्यावर कुठली नडत होती ते कळणार कसं? म्हणून मी आईला आहारतज्ज्ञांकडे नेलं. त्या म्हणाल्या, खरं तर आधी आठवडाभर नेहमीचं खाऊन पोटफुगीला रोज ० ते १० मार्क द्यायचे, मग संशय असलेले एक-दोनच पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्ण बंद, आणि फरक पडला नाही तर सरळ परत सुरू. आईचं सगळं आधीच बंद होतं, त्यामुळे आम्ही परत आणण्यापासून सुरुवात केली. एका वेळी एकच पदार्थ, पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी नेहमीएवढा, मग तीन दिवस तो बंद ठेवून वाट बघायची, कारण त्रास कधीकधी उशिरा होतो. वहीत रोज मार्क. पहिला नारळ घेतला, आईचा जीव त्यातच अडकलेला. मार्क १, २, १. तांदूळ तसाच, बांगडा तसाच, पाव खाऊनही काही नाही. दूध आलं आणि तिसऱ्या दिवशी, पूर्ण ग्लासाला, मार्क ८.

तरी मनाचे खेळ नकोत म्हणून वहिनीने नाचणीचं सत्त्व गूळ घालून दोन प्रकारे केलं, एकदा साध्या दुधात, एकदा लॅक्टोज-फ्री दुधात, आणि कुठलं कधी ते आम्हाला सांगितलं नाही. तीन-तीन वेळा दिलं. साध्या दुधाच्या तिन्ही वेळा पोट फुगलं, दुसऱ्याला एकदाही नाही. नंतर श्वासाच्या हायड्रोजन टेस्टमध्येही लॅक्टोजच आलं. हाडांसाठी म्हणून आई रात्री ग्लासभर दूध प्यायला लागली होती, त्यात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज. चहातलं दूध आणि दही तिला आजही चालतं.

आता दादासाठी: लॅक्टोज ही साखर आहे. ती पचवणारं एन्झाइम कमी पडतं म्हणून त्रास होतो, त्यात अँटीबॉडीचा संबंधच नाही, आणि ती टेस्ट तर दुधातल्या प्रोटीनची होती. दूध लाल आलं कारण आई ते रोज प्यायची. नेम चुकीचा होता, १४ दगडांतला एक लागला एवढंच.

हे सांगायचं राहिलं: कोळंबी किंवा कशानेही अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, दम लागणं असं झालं असेल तर घरी परत खाऊन बघू नका, अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरकडे जा. वजन आपोआप उतरत असेल, शौचात रक्त असेल तरी आधी डॉक्टर. गहू सोडायचा विचार असेल तर सिलियॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची टेस्ट गहू खात असतानाच करा, सोडल्यावर ती खोटी नॉर्मल येऊ शकते. आणि दादा आता त्याच्या सहा वर्षांच्या मुलाची हीच टेस्ट करायची म्हणतोय, एक्झिमा आहे म्हणून. अशा मुलांचं सोसत असलेलं दूध-अंडं महिनोन्महिने बंद केलं तर कधीकधी परत देताना खरी, जोराची अ‍ॅलर्जी उठते. त्याच्या बाबतीत मी ऐकून घेणार नाही.