आतेभाऊ की मामेभाऊ?

प्रश्न: आम्ही कॅनडात राहतो. नऊ वर्षांची मुलगी पुण्यातल्या सगळ्या भावंडांना सरसकट 'कझिन' म्हणते. आतेभाऊ-मामेभाऊ पाठ करून घेतलं, पण दर वेळी उलटच सांगते. काय करावं?

उत्तर: उलट सांगते त्याला कारण आहे. चुलत आणि मावस ही नाती दोन्हीकडून सारखीच असतात. तुमची मुलगी ज्याला मावसभाऊ म्हणते, त्याची ती मावसबहीणच. आते-मामेचं तसं नाही. तुमच्या नणंदेचा मुलगा हा तुमच्या मुलीचा आतेभाऊ, पण त्याच्यासाठी ती मामाची लेक, म्हणजे मामेबहीण. व्हिडिओ कॉलवर तो मित्राला "ही माझी मामेबहीण" असं सांगतो आणि ते ऐकून ही त्याला मामेभाऊ म्हणून मोकळी होते!

म्हणून पाठांतर सोडा आणि एकच प्रश्न विचारा: "त्याचे आई-बाबा तुझे कोण?" आई आत्या, तर तो आतेभाऊ. आई मावशी, तर मावसभाऊ. बाबा मामा, तर मामेभाऊ. अडतं ते काकांपाशी, कारण काकांचा मुलगा 'काकेभाऊ' होत नाही. काकांना चुलता असाही शब्द आहे, चुलत त्यातलं. एवढं सांगितलं की मुलांना पटतं.

यात एक मेख आहे. आत्याच्या आणि मावशीच्या यजमानांनाही आपण काकाच म्हणतो. आतोबा, मावसा हे शब्द आता फारसे कानावर येत नाहीत. तेव्हा 'बाबा काका आहेत, म्हणजे चुलतभाऊ' असं मूल म्हणेल. त्याच्या आई-बाबांपैकी आपल्या आई किंवा बाबांचं सख्खं भावंड कोण, तेच धरायचं. शिवाय परदेशात बाबांचा प्रत्येक मित्र काका होतो. मित्रांना नावासकट काका म्हणायला लावलं तर गोंधळ बराच कमी होतो. मामाची मात्र पंचाईत नाही, बाबांच्या मित्राला कुणी मामा म्हणत नाही.

थोडी मोठी झाली की ती विचारेलच, एवढी वेगळी नावं कशाला? खरं ते सांगा. महाराष्ट्रात पुष्कळ समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालत आलं आहे. चुलत आणि मावस मात्र सख्ख्यासारखीच भावंडं, तिथे लग्नाचा विषयच नाही. तिकडे वाढलेल्या मुलीला हे विचित्र वाटेल, वाटू द्या.

भाचा-पुतण्या इतक्यात शिकवू नका. पण पुढच्या वेळी बारशाला किंवा लग्नाला आलात तर तिला पुढे बसवा. बाळाच्या कानात नाव आत्या सांगते आणि नवरीला मांडवात मामा घेऊन येतो, हे तिला स्वतः पाहू द्या.