तरफ, कात्री आणि अडकित्ता

प्रश्न : पहार काय, कात्री काय, दोन्ही तरफाच. मग ‘तरफेने शक्ती वाढते’ हे म्हणणं बरोबर का? आणि कात्री व अडकित्ता हे शब्द एकाच मुळातले आहेत का?

नाही, शक्ती वाढत नाही. हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. वाढतं ते बल, साध्या मराठीत जोर, आणि त्याची किंमत अंतरात मोजावी लागते.

दीड मीटरची पहार घ्या. दगडाखाली गेलेल्या टोकापासून 15 सेंटिमीटरवर टेकू ठेवला, तर हाताच्या बाजूला 135 सेंटिमीटर उरतात, म्हणजे जोर नऊपट. दगड 180 किलोचा असला तरी एकच कड उचलायची म्हणून टोकावर साधारण निम्मं, 90 किलो वजन येतं. हाताने 10 किलोइतका भार दिला की कड उठते. पण हात 45 सेंटिमीटर खाली जातो तेव्हा ती उठते जेमतेम 5 सेंटिमीटर.

फसतं ते टेकूपाशी. त्याच्यावर 90 अधिक 10, असे 100 किलो येतात. मऊ मातीत टेकू साडेचार सेंटिमीटर खचला, तर हात तेच 45 सेंटिमीटर खाली जाऊनही दगड तसूभर हलत नाही. म्हणून टेकूखाली आधी फळी किंवा चपटा दगड हवा.

कात्रीत हेच दोनदा घडतं. दोन तरफा, आणि मधला खिळा हा दोघींचा टेकू. जाड पुठ्ठा टोकाने कापू नये, खिळ्याजवळ सरकवावा. खिळ्यापासून 10 सेंटिमीटरवर मिळतो त्याच्या पाचपट जोर 2 सेंटिमीटरवर मिळतो. पत्रा कापायच्या कात्रीची पाती आखूड आणि मुठी लांब असतात त्या यामुळेच.

आता शब्द. संस्कृत कर्तरी, प्राकृतात कत्तरी, मराठीत कातरी आणि मग कात्री. कर्म, कम्म, काम ही त्याच चालीची. अडकित्त्याची गोष्ट याहून सुरेख आहे. सुपारी त्यात अडकते म्हणून ‘अडकणे’पासून अडकित्ता, ही व्युत्पत्ती लोक अजून ठासून सांगतात. ती निव्वळ कानाची फसगत आहे. कानडीत सुपारीला अडके म्हणतात आणि अडकित्त्याला अडकत्तरी, म्हणजे सरळ सुपारीची कात्री! उत्तरपद कत्ती, म्हणजे सुरी, असं मानणाऱ्यांनी अडकित्ता हातात धरून पाहावा. एकट्या सुरीला बिजागरी कुठून आली? माझ्या मते कर्तरीच कानडीतून फिरून अडक्यासकट आपल्या पानाच्या तबकात आली.

फक्त तरफ म्हणून ही भावंडं वेगळी. कात्रीत टेकू मधे असतो. अडकित्त्यात तो एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला आणि सुपारी मधे. ती बिजागरीला जितकी भिडवून धराल तितकी सहज फुटते.