वेटिंग रूमसाठी डॅशबोर्डच्या पाच दिव्यांची सूचना

प्रश्न: उद्यमनगरात आमचं गाड्यांचं वर्कशॉप आहे. गिऱ्हाइकांनी कोणत्या पाच दिव्यांकडे दुर्लक्ष करू नये, याची साधी सूचना कशी लिहू?

उत्तर: असं छापा, पहिली ओळ सगळ्यात मोठी:

लाल तेलाची झारी: गाडी लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा. चालवत आणू नका, फोन करा.
लाल थर्मामीटर: थांबा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.
लाल वर्तुळात उद्गारचिन्ह: हँडब्रेक सोडूनही दिवा राहिला, तर ब्रेक ऑइल कमी असू शकतं. गाडी चालवू नका.
लाल बॅटरी: चार्जिंग होत नाही. गाडी थोडाच वेळ चालेल.
पिवळं इंजिन लुकलुकतंय: मिसफायर आहे. वेग कमी करा, लवकर दाखवा.

झारीवर भर देतो, कारण लोकांना वाटतं ऑइल कमी झालंय, टॉपअप केलं की झालं. हा दिवा ऑइलचा दाब गेल्याचं सांगतो. आमच्याकडे गगनबावड्याहून एक गाडी आली होती. दगडाने खालचा ऑइल चेंबर फुटला, दिवा लागला, आणि "कळे गावापर्यंत जाऊ" म्हणून त्यांनी तशीच दामटली. आधी खडखड आवाज, मग इंजिन जाम. उघडलं तर बेअरिंग क्रँकला चिकटलेली. तिथंच थांबले असते तर चेंबर बदलून नवं ऑइल भरलं की बहुधा भागलं असतं.

दिवा लागल्यावर डिपस्टिकवर ऑइल पुरेसं दिसलं तरी इंजिन चालू करू नये. पंप गेला असेल किंवा सेन्सरच बिघडला असेल, ते ऑइलचा दाब मोजणारं गेज लावूनच कळतं.