पैठणी आणि लोकरीच्या कपड्यांसाठी डांबरगोळ्या की कडुनिंब?

प्रश्न: कपाटात आईची पैठणी आणि लोकरीचे स्वेटर आहेत. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवू, कडुनिंबाचा पाला की देवदाराचे ठोकळे?

तिघांत मारक फक्त डांबरगोळ्या, त्याही घट्ट झाकणाच्या पेटीत. गोळी हवेत उडून जाते आणि तिची वाफ साठली तरच अळी मरते. रोज उघडझाप होणाऱ्या कपाटात नुसता वास राहतो. ही वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून गोळ्या पुरचुंडीत बांधून कपड्यांच्या वर ठेवा. जरीला थेट लागू देऊ नका. घरात तान्हं बाळ असेल तर मात्र नकोच. जी६पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या वाफेने फुटू शकतात.

पाल्यावर भिस्त ठेवू नका. ओलसर राहिला तर रेशमावर बुरशी आणि डाग, हे मी माझ्याच एका साडीवर पाहिलंय. देवदाराचं तेल फार तर कोवळ्या अळ्यांना बाधतं. वास गेला की ठोकळा पॉलिश पेपरने घासावा लागतो.

खरं काम ठेवण्याआधीचं. अळी घामाच्या, सांडलेल्या आमटीच्या डागावर आधी तुटून पडते, म्हणून स्वेटर धुऊन कडकडीत वाळवा. शंका असेल तर पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. पैठणी मलमलीत गुंडाळा आणि दर तीन-चार महिन्यांनी सावलीत उलगडून घडी बदला. घडीत वाळूसारखे बारीक कण किंवा जाळी दिसली तर अळी आत आहे.