केमोच्या नोंदीतली प्रत्येक ओळ

प्रिय,

तू पाठवलेला केमोच्या नोंदींचा तक्ता मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा आठव्या सायकलपाशी थांबले. कमी केलेला डोस टक्क्यांत लिहावा की मिलिग्रॅममध्ये, असे तू विचारले आहेस. तुझा खरा गोंधळ मात्र एककाचा नसून, आपण हा तक्ता कोणासाठी लिहितो आहोत याचा आहे. तुझ्या तक्त्याचा वाचक पहिल्या ओळीपासून सगळे वाचत येईल, असे तू गृहीत धरले आहेस. तसे कोणी वाचत नाही. रात्रपाळीचा डॉक्टर, पंप जोडणारी परिचारिका किंवा औषध तयार करणारा फार्मासिस्ट यांना एकच ओळ पाहायची असते, ती म्हणजे आजची. म्हणून प्रत्येक ओळ स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. या पत्रात हे मी इतक्या वेळा म्हणणार आहे की तू कंटाळशील, तरीही म्हणणार आहे.

तुझाच रुग्ण घेऊ. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर एमफॉलफॉक्स-६ ही औषधयोजना, दर १४ दिवसांनी, एकूण १२ सायकल. उंची १६० सेंटिमीटर, वजन ५७.६ किलो. उंची आणि वजन यांच्या गुणाकाराला ३६०० ने भागून वर्गमूळ काढले की शरीराचे पृष्ठफळ १.६० चौरस मीटर येते. रेजिमेनप्रमाणे ऑक्सालिप्लॅटिन दर चौरस मीटरला ८५ मिलिग्रॅम, म्हणून १३६ मिलिग्रॅम. ल्युकोव्होरिन ४००, म्हणून ६४०. फाइव्ह-एफयूचा बोलस, म्हणजे एकदम द्यायचा डोस, ४००, म्हणून ६४०. आणि तेच औषध ४६ तासांच्या पंपातून २४००, म्हणून ३८४० मिलिग्रॅम. इथपर्यंत तुझा तक्ता निर्दोष आहे. तो बिघडतो पहिल्या बदलापासून, आणि बहुतेक तक्ते तिथेच बिघडतात.

सहाव्या सायकलला वजन ५२ किलोवर आले, म्हणजे जवळजवळ १० टक्क्यांनी घटले, म्हणून पृष्ठफळ पुन्हा काढले गेले. ते १.५२ आले आणि ऑक्सालिप्लॅटिन १२९ मिलिग्रॅम झाले. तू फक्त १२९ लिहिलेस. आता कल्पना कर की तीन महिन्यांनी कोणीतरी हा तक्ता उघडतो. त्याला १३६ नंतर १२९ दिसतात आणि तो समजतो की विषाक्ततेमुळे डोस कमी केला असावा. प्रत्यक्षात डोस कमी झालेलाच नाही. तो आधीही ८५ होता आणि आताही ८५ आहे, फक्त शरीर लहान झाले. म्हणून तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे की दर चौरस मीटरचा आकडा आणि प्रत्यक्ष मिलिग्रॅम हे दोन्ही प्रत्येक ओळीत शेजारीशेजारी हवेत आणि ज्या पृष्ठफळावरून ते आले तेही त्याच ओळीत हवे. टक्केवारी लिहायची असेल तर तिसऱ्या क्रमांकावर लिही, आणि ती कशाची टक्केवारी आहे हे सांगूनच.

कारण हेच आठव्या सायकलला अंगाशी येते. तिथे डॉक्टरांनी न्यूरोपथीमुळे, म्हणजे नसांना झालेल्या इजेमुळे, ऑक्सालिप्लॅटिन २० टक्के कमी करायचे ठरवले. तू लिहिलेस, 'ऑक्सा ८०%'. नवव्या सायकलला पुन्हा लिहिलेस, 'ऑक्सा ८०%'. मूळ डोसच्या ८० टक्के म्हणजे ६८, आणि १.५२ ने गुणल्यावर १०३ मिलिग्रॅम. पण नवव्या ओळीतले ८० टक्के आठव्या सायकलच्या डोसचे आहेत असे कोणी वाचले, तर ६८ चे ५४.४ होतात आणि बाटलीत ८३ मिलिग्रॅम भरले जातात. दोन्ही वाचने बरोबर वाटतात, हीच अडचण आहे. शिवाय ज्याने फक्त मिलिग्रॅम पाहिले, त्याला १३६ वरून १०३ म्हणजे २४ टक्के घट दिसेल, कारण वजनामुळे झालेली घट त्यात मिसळलेली आहे. डोस किती कमी केला या एकाच प्रश्नाला तुझा तक्ता तीन उत्तरे देतो. 'दर चौरस मीटरला ८५ वरून ६८' असे लिहिले असते, तर एकच उत्तर उरले असते.

आता 'वरीलप्रमाणे' या शेऱ्याबद्दल. चौथ्या सायकलला न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी कमी झाल्यामुळे बोलस वगळला गेला. ती चौकट तू कोरी ठेवलीस आणि पाचव्या ओळीत 'वरीलप्रमाणे' लिहिलेस. पाचव्याला बोलस दिला की नाही? कोऱ्या चौकटीचे दोनच अर्थ होऊ शकतात: दिले नाही, किंवा लिहायचे राहिले. यांपैकी कोणता अर्थ खरा हे तुझ्याशिवाय कोणाला कळणार नाही, आणि महिन्याभराने तुलाही कळणार नाही. वगळलेल्या औषधाच्या चौकटीत शून्य लिही आणि पुढे कारण लिही. पुढच्या प्रत्येक सायकलला पुन्हा शून्य लिही आणि पुन्हा कारण लिही. हो, तेच तेच. सहकाऱ्यांनी मला यावरून चिकट म्हटले आहे. तक्ता दोन पानांवर जातो, लिहायला वेळ लागतो, हे आक्षेप मी वर्षानुवर्षे ऐकत आले आणि काही ठिकाणी नमतेही घेतले. ते नमते घेणे आजही मला खटकते, कारण पानांची बचत झाली तरी प्रत्येक शंकेच्या वेळी कोणाला तरी जुनी कागदपत्रे उपसत बसावे लागले. माझा हट्ट हा स्वभावदोष असेल, पण त्या शंका काही माझ्या स्वभावातून आलेल्या नव्हत्या.

तारखांकडे वळू, कारण तुझ्या तक्त्यातली सर्वांत धोकादायक जागा तिथे आहे. चौथी सायकल १४ एप्रिलला ठरली होती. त्या दिवशी न्यूट्रोफिल ९०० निघाले. सायकल सुरू करण्यासाठी किमान १५०० हवे होते. म्हणून ती पुढे ढकलली आणि संख्या भरून आल्यावर २१ एप्रिलला दिली. तू १४ खोडून २१ लिहिलेस, पण पाचव्या ओळीत आधीच भरून ठेवलेली २८ एप्रिल ही तारीख तशीच राहिली. म्हणजे कागदावर चौथ्या आणि पाचव्या सायकलमध्ये फक्त ७ दिवस आहेत. प्रत्यक्षात पाचवी ५ मे रोजी दिली गेली, हे नशीब नव्हे, त्या दिवशी कोणीतरी मोजून पाहिले एवढेच. ठरलेली तारीख आणि दिलेली तारीख यांचे दोन वेगळे स्तंभ ठेव. ठरलेली तारीख कधीही खोडू नको, कारण उशीर किती झाला हे तिच्याशिवाय कळत नाही. आणि पुढच्या सायकलची तारीख नेहमी मागच्या दिलेल्या तारखेपासून १४ दिवस मोजून काढ. सगळ्या बारा तारखा पहिल्याच दिवशी भरून ठेवायची सवय सोड.

विषाक्ततेच्या नोंदीत सर्वांत मोठा घोळ असतो तो कोणत्या ओळीत लिहायचे याचा. १४ एप्रिलला दिसलेली न्यूट्रोफिलची घट तिसऱ्या सायकलने केलेली आहे. ग्रेड ३ ही नोंद म्हणून तिसऱ्या ओळीत जाते. तिच्यामुळे घेतलेला निर्णय, म्हणजे सात दिवसांचा उशीर आणि बोलस वगळणे, हा चौथ्या ओळीत जातो, आणि चौथ्या ओळीच्या कारणाच्या चौकटीत 'सायकल ३ नंतर न्यूट्रोफिल ९००, ग्रेड ३' हे पुन्हा लिहावे लागते. पुन्हा का, तर ती ओळ स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून. तू दोन्ही गोष्टी चौथ्या ओळीत घातल्यामुळे असे दिसते की बोलस वगळूनही न्यूट्रोफिल घसरले. कारण आणि परिणाम यांची जागा उलटली की पुढचा डॉक्टर कमी केलेला डोस आणखी कमी करतो.

न्यूरोपथीबाबत नुसता ग्रेड पुरत नाही. ऑक्सालिप्लॅटिननंतर पहिले काही दिवस थंड वस्तूला हात लावताच मुंग्या येणे, थंड पाणी पिताना घशात विचित्र वाटणे हे जवळजवळ अपेक्षित असते आणि बहुधा पुढच्या सायकलपूर्वी ओसरते. डोस बदलायला लावते ती न ओसरणारी, साठत जाणारी बधिरता. तुझ्या तक्त्यात दुसऱ्या सायकलला 'न्यूरोपथी' आहे आणि सातव्यालाही 'न्यूरोपथी' आहे. एक पाच दिवसांत गेली आणि दुसरी पुढच्या सायकलच्या सकाळीही बोटांत होती, हे मला तुला विचारून कळले. म्हणून सुरू कधी झाली, संपली कधी, आणि पुढच्या सायकलच्या पहिल्या दिवशी आहे की नाही, या तिन्ही गोष्टी लिही. रुग्णाचे शब्दही लिही. फोनवर आकडे दाबताना बोटे चुकतात पण कपडे स्वतःचे स्वतः घालता येतात, हे ग्रेड २ आहे. शर्टाची बटणे दुसऱ्याने लावावी लागली तर ते ग्रेड ३ कडे जाते. ग्रेड चुकीचा दिला गेला तरी शब्द असतील तर तो नंतर दुरुस्त करता येतो.

आठवी ओळ मी लिहिली असती तर अशी:

सायकल ८; ठरलेली १६ जून, दिलेली १६ जून; वजन ५२, पृष्ठफळ १.५२, ऑक्सालिप्लॅटिन दर चौ.मी. ८५ ऐवजी ६८, दिले १०३ मिग्रॅ, कारण सायकल ७ नंतर ग्रेड २ न्यूरोपथी, पहिल्या दिवशी कायम. ल्युकोव्होरिन ४००, दिले ६०८. बोलस ०, कारण सायकल ३ नंतर ग्रेड ३ न्यूट्रोफिल घट. पंप २४००, दिले ३६४८, ४६ तास पूर्ण.

लांब आहे, मान्य. पण ही एकच ओळ कापून कोणाच्याही हातात दिली तरी त्याला विचारायला काही उरत नाही. पंप ४६ तासांआधी काढावा लागला तर किती तास चालला आणि किती औषध उरले हेही तिथेच लिही.

शेवटच्या स्तंभात ऑक्सालिप्लॅटिनची एकूण बेरीज ठेव, आणि ती मिलिग्रॅममध्ये नव्हे तर दर चौरस मीटरच्या आकड्यांत. बधिरता टिकून राहण्याचा धोका या साठलेल्या डोसबरोबर वाढतो. पूर्ण डोसने १२ सायकल झाल्या असत्या तर ही बेरीज १०२० झाली असती. तुझ्या तक्त्यात ती मिलिग्रॅममध्ये असल्यामुळे वजन घटल्यापासून तिची तुलना कशाशीच करता येत नाही. पहिल्या ओळीपासून पुन्हा कर आणि मला पाठव. आठव्या सायकलनंतर ती ६६३ आली पाहिजे.