मेसेज सुधारता सुधारता माझा राहतच नाही

"मॅडम, भावाला माफीचा मेसेज लिहायचाय. पहिला लिहिला तो गबाळा वाटतो, नीट करायला घेतला की ऑफिसच्या मेलसारखा होतो. वाचून दादा म्हणेल ही कोण बोलतीय. काय करू?"

मागच्या वर्षी अगदी हाच प्रश्न घेऊन एकजण माझ्याकडे आली होती (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत, लिहायची परवानगी तिचीच आहे). माहेर कोल्हापूरकडचं, नोकरी पुण्यात. वडिलांच्या वर्षश्राद्धाला गेली नाही, वर फोनवर भावाला तोडून बोलली, "दर महिन्याला पैसे पाठवते की". त्यावर भावाने फोन ठेवला तो ठेवलाच, आठ महिने बोलणं बंद.

तिने मोबाईलमधले ड्राफ्ट दाखवले, चार होते. चौथा असा: "प्रिय दादा, गेल्या काही महिन्यांत आपल्यात जो दुरावा निर्माण झाला आहे त्याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करते. माझ्या बोलण्याने तुझ्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास मला क्षमा करावी." दोन मैत्रिणींनी सुधारून दिलेला, व्याकरण चोख.

मी म्हटलं पहिला दाखव. लाजतच दाखवला. "दादा जेवलास का. माझं चुकलं बघ. आप्पांच्या वर्षश्राद्धाला यायला पायजे होतं. आणि पैशाचं बोलले ते तर बोलायलाच नको होतं. तू एकट्यानं सगळं केलंस. तू पण मला एकदा फोन नाही केलास, वहिनीनं पण नाही. झोप लागत नाही रात्री. पुढच्या रविवारी येऊ का"

दोन्ही शेजारी ठेवून वाचा. आपल्याला वाटतं फक्त भाषा बदलली, पण चौथ्यात पैशाचा विषयच नाही, म्हणजे ज्यासाठी माफी मागायची तेच गळालं. "दुरावा निर्माण झाला" म्हणजे तो आपोआप झाला, पाऊस पडल्यासारखा, कुणी केला नाही. आणि "दुखावल्या असल्यास" मध्ये तर दुखावल्या की नाही हीच शंका, आठ महिने न बोलणाऱ्या माणसाला! शेवटचा "येऊ का" पण गेला, मग त्याने उत्तर तरी कशाला द्यायचं. आपल्याकडे लिहायला बसलं की शाळेतलं पत्रलेखन अंगात येतं, त्याचा हा प्रताप. चूक कबूल करायची लाज वाटते तेव्हा अशी वाक्यं फार सोयीची पडतात, हे मात्र तिला पटायला वेळ लागला.

पण पहिला जसाच्या तसा पाठव असंही मी म्हटलं नाही. त्यात फोन न केल्याची तक्रार होती, वहिनीला धरून. तक्रार खरी, पण ती माफीच्या मेसेजात आली की दादा तेवढंच वाचणार. ते वाक्य काढून तिने वहीत लिहून ठेवलं, भेटल्यावर बोलायला. झोपेचं वाक्य तिनेच काढलं, म्हणाली त्याला काळजी लागेल.

मग समोर रिकामी खुर्ची ठेवली आणि म्हटलं दादा बसलाय, त्याला बोल, मोबाईलवर रेकॉर्ड कर. आधी चौथा ड्राफ्ट वाचायला लावला. "दिलगिरी"वर अडखळली आणि हसायलाच लागली. पहिला वाचताना पैशाच्या वाक्याला आवाज बसला, थांबली, आणि न बघता म्हणाली "तुला हिशोब दाखवल्यासारखं झालं ते". हे वाक्य कुठल्याच ड्राफ्टमध्ये नव्हतं. तेच घेतलं.

तेवढीच भर. बाकी नियम साधा ठेवला, काढायचं किंवा वरखाली करायचं, नवीन शब्द घालायचा तर तो दादासमोर तोंडातून निघेल का ते बघायचं. "पायजे" तसंच ठेवलं. रात्रभर ठेवून सकाळी एकाच मैत्रिणीला वाचून दाखवला, आणि "कसा झालाय" असं न विचारता "यातून काय कळलं" एवढंच विचारलं. कसा झालाय विचारलं की माणूस सुधारायलाच बसतो.

एक मात्र आहे, तावातावाने लिहिलेलं सगळं "हा माझा आवाजच आहे" म्हणून पाठवू नका. पैशाचं बोलली तोही तिचाच आवाज होता की.

पाठवलेला मेसेज: "दादा जेवलास का. माझं चुकलं बघ. आप्पांच्या वर्षश्राद्धाला यायला पायजे होतं, तू एकट्यानं सगळं केलंस. आणि पैशाचं बोलले ते बोलायलाच नको होतं, तुला हिशोब दाखवल्यासारखं झालं ते. पुढच्या रविवारी येऊ का"

दोन दिवस निळ्या टिका, उत्तर नाही. ती खुलाशाचा दुसरा मेसेज टाइप करायला लागली होती, मी थांबवलं. तिसऱ्या दिवशी आलं, "रविवारी नको, ऊसतोड हाय. त्याच्या पुढच्याला ये."