कुणासाठी उशीर होतो, ते लिहून ठेवा

प्रश्न: माझे मिस्टर कधीच वेळेवर येत नाहीत आणि सांगितलेलं काम हमखास विसरतात. मी चिडली की म्हणतात, "माझा स्वभावच असा आहे." हा खरंच स्वभाव आहे की त्यांना माझी किंमतच नाही? ओळखायचं कसं?

ताई, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, फाट्यापासून तीन किलोमीटर आत. साडेसातची एसटी चुकली की पुढची साडेअकराला. चार वर्षांपूर्वी थायरॉइडच्या तपासणीसाठी मी उपाशीपोटी अंगणात तयार उभी होती. हे पहाटेच वावरात गेले होते, हरभऱ्याला पाणी सुरू होतं. फोनवर म्हणाले, "दहा मिनिटात येतो." आले पावणेआठला. पायाला चिखल तसाच. मी एक शब्द बोलली नाही, पण त्या दिवशी मनात पक्कं बसलं की या माणसाला माझी किंमत नाही.

मग मी एक केलं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला रेघा मारल्या आणि महिनाभर लिहिलं: तारीख, काम कुणाचं होतं, उशीर किंवा विसर किती, आणि चुकल्यावर ते काय बोलले, काय केलं. किती वेळा चुकले हे मोजायचं नव्हतंच, ते तर माहीत होतं. कुणाचं काम चुकतं, हे पाहायचं होतं.

महिन्याअखेर चौदा नोंदी झाल्या. माझ्या कामाच्या पाच, घरच्या सामायिक कामांच्या तीन, माझ्या माहेरच्या दोन. आणि चार त्यांच्या स्वतःच्या कामाच्या. सोसायटीत कर्जाचे कागद द्यायची तारीख गेली. फवारणीचा पंप दुरुस्तीला टाकला, तो आठ दिवस आणायचाच राहिला. जिवलग मित्राच्या पोराच्या साक्षगंधाला पोचले तर पंगत उठली होती. जो माणूस स्वतःच्या नुकसानीतही तसाच चुकतो, तो मला कमी लेखून चुकतो असं म्हणता येत नाही. त्या चार ओळी वाचून माझा निम्मा राग उतरला. उरलेला निम्मा खरा होता, कारण बस तर माझीच चुकली होती.

मग त्यांची "दहा मिनिटं" मोजली. वावरातून घरी गाडीने यायला दहाच मिनिटं लागतात, ते खोटं बोलत नव्हते. पण मोटर बंद करायची, पाइप गुंडाळायचे, हातपाय धुवायचे, धुऱ्यावर भेटलेल्याशी दोन शब्द बोलायचे, हे सगळं धरून पस्तीस मिनिटं होतात. ते नुसता रस्ता मोजत होते. आपल्याच कामाला लागणारा वेळ माणूस कमी धरतो, आधी दहादा फसला असला तरी. डॅनियल कानेमन आणि अमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीला नाव दिलं, इंग्रजीत तिला प्लॅनिंग फॅलसी म्हणतात. म्हणून आता मी "किती वेळात येता?" असं विचारतच नाही. "मोटर बंद केली का?" असं विचारते. त्याचं उत्तर हो किंवा नाही असं सरळ येतं, आणि "नाही" आलं की मी माझी सोय बघते.

विसरण्याचं थोडं वेगळं आहे. "संध्याकाळी पाचला आईच्या बीपीच्या गोळ्या आणा" हे लक्षात राहायला कठीण असतं, कारण पाच वाजले हे आठवण करून देणारं समोर काहीच नसतं. तेच काम डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूला बांधलं की सोपं जातं. मी गोळ्यांचं रिकामं पाकीट रबराने गाडीच्या चावीला बांधायला लागली. चावी हातात घेतली की पाकीट बोटाला लागतं. गोळ्या वेळेवर यायला लागल्या. वांधा असा की हे एकाच कामाला चालतं. चावीला तीन चिठ्ठ्या बांधल्या तर तिन्ही नजरेआड होतात, तेही करून पाहिलं.

यात झोपेचाही भाग होता. आमच्याकडे शेतीची लाईन पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात हे रात्रभर ओलिताला जागे असत. चौदापैकी नऊ नोंदी त्याच दिवसांतल्या निघाल्या. त्या आठवड्यात नवीन काम सांगायचंच नाही, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.

माहेरच्या दोन नोंदींनी मात्र मला कोड्यात टाकलं. तिथे उशीर अडीच-तीन तासांचा होता, आणि दोन्ही आठवडे दिवसपाळीचे. मी कागद घेऊन वावरात गेली, ते जेवून निंबाखाली बसले होते. "तुम्ही नेहमीच" असं म्हटलं असतं तर भांडणच झालं असतं, म्हणून त्या दोन तारखांपुरतंच विचारलं. बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुया भावानं मले सगळ्यायसमोर म्हटलं होतं, जवाईबुवा कर्जातच मरतीन. तवापासून पाय उचलत नाही." हा विसर नव्हता आणि मला कमी लेखणंही नव्हतं. ते टाळत होते, आणि टाळण्याला कारण होतं. मला तीन वर्षं ठाऊक नव्हतं. त्यावर चावीला काही बांधून उपयोग नव्हता. मला भावाशी बोलावं लागलं.

आता दुसरी बाजू. माझ्या चुलत बहिणीला मी हाच कागद करायला सांगितला. तिच्या नवऱ्याच्या अकरा नोंदी झाल्या, अकराही तिच्या कामाच्या. पुढाऱ्याच्या सभेला तो अर्धा तास आधी पोचायचा. मित्रांना द्यायचे पैसे तारखेला द्यायचा. शेवटच्या रकान्यात, म्हणजे चुकल्यावर काय बोलला तिथे, प्रत्येक वेळी एकच: "एवढं काय बिघडलं?" एकदा चारचौघांत तिचीच टर उडवली. माझ्याकडे त्याच रकान्यात "काऊन सांगतलं नाही लवकर" अशी चिडचिड चारदा होती, पण दुसऱ्या दिवशी तालुक्याला नेऊन आणलं, अर्धी मजुरी बुडवून, हेही होतं. तुम्ही हा रकाना नीट भरा. ज्याला सवय आहे तो चिडतो, कारणं सांगतो, पण नुकसान दिसलं की काहीतरी भरून द्यायला बघतो. ज्याला किंमत नाही तो नुकसानच नाकारतो.

एक गोष्ट विसरू नका. विसरणं हे गेल्या सहा-आठ महिन्यांतच सुरू झालं असेल, तर रुसण्याआधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, साखर, सततचं नैराश्य, दारू, या सगळ्यांत विसर वाढतो. आणि लहानपणापासून प्रत्येकच कामात असं होत आलं असेल, वस्तू हरवणं, हातातलं काम अर्धवट सोडणं, तर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांना विचारा. लक्ष एकाग्र न होण्याचा आजार मोठ्या माणसांतही असतो आणि त्यावर उपचार आहेत.

सवय आहे हे कळलं तरी माझी बस त्यांच्या भरवशावर ठेवायची नाही, हे मी त्याच महिन्यात ठरवलं. तपासणीच्या दिवशी पावणेसातला निघते आणि पायी फाटा गाठते. मागच्या खेपेला हे गाडी घेऊन अर्ध्या वाटेत मागून आले, मी बसली.